ठिकाणाची वेळ : लघुपटाच्या रेकीचा एक अभ्यास

सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चे पहिले चित्रण ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांनी भरलेल्या एका माळावर केले. त्या दिवशी काम अर्धे राहिले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मंडळी परत गेली तेव्हा माळ ओका झाला होता, कारण मधल्या दिवसांत गुरांनी ती फुले खाऊन टाकली होती. त्या दृश्यासाठी राय यांना पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. चित्रपटाच्या इतिहासात ही हकिकत नेहमी गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यात एक तत्त्वही आहे. माळ त्याच जागी होता, नकाशावरचा बिंदू हलला नव्हता, पण दिग्दर्शकाने निवडलेले 'ठिकाण' मात्र उरले नव्हते. चित्रपटाच्या कामात ठिकाण म्हणजे एक जागा आणि एक वेळ अशी जोडी असते, आणि जोडीतली वेळ निसटली की जागेचा काही उपयोग राहत नाही.

ठिकाणाच्या पूर्वपाहणीला चित्रपटवाले 'रेकी' म्हणतात. मोठ्या चित्रपटाच्या रेकीत झालेली चूक पैशाने झाकता येते. प्रकाश कमी पडला तर मोठे दिवे येतात, आवाज नीट मिळाला नाही तर महिनाभराने स्टुडिओत डबिंग होते, एक दिवस वाया गेला तर दुसरा विकत घेता येतो. लघुपटाला यातले काहीच नसते. सात-आठ मित्र, भाड्याचा कॅमेरा, नोकरीतून काढलेली दोन दिवसांची रजा आणि कोणीतरी आपुलकीने दिलेले घर, एवढ्या भांडवलावर तो उभा असतो. म्हणून लघुपटाच्या रेकीत नेमके काय पाहायचे आणि ते केव्हा पाहायचे, हे एका उदाहरणाने तपासून पाहू.

उदाहरण नांदगाव पेठेचे घेऊ. अमरावतीहून नागपूरकडे निघाल्यावर लागणारे हे गाव या कामासाठी फार बोलके आहे. शेजारून सुरत-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो, त्यावर टोलनाका आहे. जवळच औद्योगिक वसाहत आणि तिच्यातल्या कापडगिरण्या आहेत. तिथेच प्रत्येकी २७० मेगावॅटच्या पाच संचांचे, म्हणजे एकूण १३५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये ओटा, ओसरी, गोठा, पऱ्हाटीची शेते असे नेहमीचे वऱ्हाडी गावही आहे. ज्या दिग्दर्शकाला 'गाव' हवे आहे त्याच्या डोळ्यांना गाव दिसते, पण मायक्रोफोनला महामार्ग ऐकू येतो.

समजा, प्रसंग असा आहे : कापूस वेचणीच्या दिवसांत एक म्हातारा शेतकरी पश्चिमेकडे तोंड असलेल्या ओसरीत भिंतीला टेकून बसला आहे, आणि शहरातून आलेली मुलगी त्याला शेत विकण्याविषयी विचारते आहे. संवाद दोन मिनिटांचा. उतरते ऊन बापाच्या चेहऱ्यावर हवे आणि शेवटी अंधार पडताना घरातला दिवा लागायला हवा. चित्रण २० डिसेंबरला, दुपारी चार ते संध्याकाळी सहा. घर, गल्ली, आकडे आपण कल्पिले आहेत. सूर्य मात्र खरा आहे.

पंचांगातला सूर्यास्त आणि अंगणातला सूर्यास्त

पुष्कळ रेकी दिवाळीच्या सुट्टीत होतात, कारण तेव्हाच मंडळी गावी येतात. चित्रण पुढे डिसेंबरात होते. मधल्या दोन महिन्यांत सूर्य बराच सरकतो. नांदगाव पेठ साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य पश्चिमेच्या ११ अंश दक्षिणेला मावळतो, तर २० डिसेंबरला २५ अंश दक्षिणेला. जूनच्या अखेरीस तोच पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात पाहिलेले आणि हिवाळ्यात चित्रित करायचे असे ठरवले, तर मावळतीची दिशा ५० अंशांनी बदललेली असते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ज्या बोळातून ऊन थेट आत येते, त्या बोळात डिसेंबरात ते शिरतही नाही.

म्हणून 'घर पश्चिमाभिमुख आहे, संध्याकाळी ऊन येईल' एवढे पुरत नाही. ऊन कोणत्या कोनातून आणि किती उंचीवरून येईल ते काढावे लागते. २० डिसेंबरला दुपारी साडेतीनला सूर्य क्षितिजाच्या २५ अंश वर असतो, चारला २० अंश, साडेचारला १४ अंश आणि पाचला ८ अंश. पंचांगातला सूर्यास्त पाच-चाळीसच्या सुमाराचा. हे आकडे तारीख आणि ठिकाण भरले की 'सनकॅल्क'सारख्या संकेतस्थळावर किंवा सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर मिळतात. पण ते आकडे मोकळ्या माळाचे असतात. अंगणाचे आकडे अंगणात उभे राहून काढावे लागतात.

आता ओसरी पाहू. मागच्या भिंतीपासून छपराच्या कडेपर्यंत ओसरी सहा फूट खोल आहे. छपराची कड ओट्यापासून सात फूट उंच आहे आणि बसलेल्या माणसाचा चेहरा साडेतीन फुटांवर. तीन वाजता सूर्य वर असतो. छपराखालून शिरलेले ऊन चेहऱ्याच्या उंचीवर कडेपासून आत जेमतेम चार फूट पोहोचते, त्यामुळे भिंतीला टेकलेला बाप सावलीत असतो आणि त्याचे पाय उन्हात. कॅमेऱ्यासाठी हा सर्वांत वाईट प्रकार, कारण पायांवरचे ऊन पाहून चेहरा काळा पडतो किंवा चेहरा पाहून पाय पांढरेफटक होतात. तीन-चाळीसच्या सुमारास ऊन भिंतीपर्यंत पोहोचते आणि चेहरा उजळतो. चारला ओसरी व्यवस्थित भरलेली असते. मग हे पाच-चाळीसपर्यंत टिकेल असे वाटते. इथेच समोरचे घर मध्ये येते.

समोर, नैर्ऋत्येकडे, चाळीस फुटांवर शेजाऱ्याचे नवे स्लॅबचे घर आहे. त्याच्या कठड्यावरची पाण्याची टाकी बसलेल्या माणसाच्या नजरेपासून दहा फूट उंच भरते. चाळीस फुटांवर दहा फूट म्हणजे १४ अंश. सूर्य १४ अंशांवर साडेचारला येतो आणि त्याच दिशेला असतो. म्हणजे या ओसरीतला सूर्यास्त पाच-चाळीसला नसून साडेचारला आहे. दिवाळीच्या रेकीत हे दिसलेच नसते. तेव्हा साडेचारला सूर्य १७ अंशांहून वर होता आणि १३ अंश अधिक उत्तरेला होता. टाकीच्या एका बाजूने ऊन सुखेनैव येत होते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश आणि एक बोट म्हणजे सुमारे २ अंश. बाप जिथे बसणार तिथे, तितक्याच उंचीवर बसून, सूर्य आणि अडथळ्याची वरची कड यांच्यामध्ये किती मुठी मावतात ते पाहायचे. डिसेंबरात या भागात दुपार उतरल्यावर सूर्याला एक मूठ खाली यायला सुमारे ५० मिनिटे लागतात, एका बोटाला दहा मिनिटे. मात्र सूर्य सरळ खाली न येता तिरपा, उजवीकडे सरकत येतो. त्यामुळे अडथळा आता आहे तिथे न पाहता सूर्य जाणार आहे त्या बाजूला पाहावा. फोनचे होकायंत्र वापरायचे तर टिनाचे छप्पर, मोटरसायकल, लोखंडी फाटक यांच्यापासून दूर उभे राहावे, कारण जवळच्या लोखंडाने काटा सहज दहा-पंधरा अंश भरकटतो. दोन-तीन जागी उभे राहून तेच उत्तर येते का हे पाहिले की शंका राहत नाही.

प्रकाशाची आणखी एक बाजू रेकीत विसरली जाते, ती म्हणजे आपलीच सावली. सूर्य २० अंशांवर असताना साडेपाच फुटांच्या माणसाची सावली पंधरा फूट पडते, १४ अंशांवर बावीस फूट. अंगणाच्या मध्यभागी किंवा दक्षिण बाजूला कॅमेरा लावला तर कॅमेरामन, माइकचा दांडा आणि धरणारा मुलगा या सगळ्यांच्या सावल्या ईशान्येकडे, म्हणजे नेमक्या ओसरीत पडतात. कॅमेरा अंगणाच्या उत्तरेकडच्या अंगाला नेला की सावल्या चौकटीबाहेर जातात. शिवाय ऊन पात्रांवर बाजूने येते आणि चेहऱ्याच्या सुरकुत्या दिसू लागतात. म्हणजे कॅमेऱ्याची जागाही कागदावर ठरत नाही, त्या वेळच्या सावल्या ती ठरवतात.

साडेचारनंतरचा प्रकाश वाया जातो असे नाही. ऊन गेले तरी आकाश उजळ असते आणि त्याचा मऊ, सावलीविरहित उजेड ओसरीत येत राहतो. सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'साठी (१९५६) काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभे केले, तेव्हा आकाशातून उतरणारा हाच उजेड त्यांनी वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर दिवे आपटवून निर्माण केला. आपल्याकडे आकाश फुकट आहे. पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तक्ता समोर धरला की तो उजेड चेहऱ्यावर वळवता येतो. पण उन्हातला चेहरा आणि आकाशाच्या उजेडातला चेहरा एकाच संवादात आलटूनपालटून लावता येत नाहीत. प्रेक्षकाला कारण कळत नाही, फक्त काहीतरी तुटल्यासारखे वाटते.

तात्पर्य, भिंतीला टेकलेल्या बापावर ऊन हवे असेल तर हातात तीन-चाळीस ते साडेचार अशी ५० मिनिटे आहेत. एका टेकला, सगळे जुळवून, पाच मिनिटे धरली तर दहा टेक. आता या ५० मिनिटांत ऐकू काय येते ते पाहू.

महामार्ग केव्हा जवळ येतो

सकाळी अकराला रेकीला गेलेला माणूस परत येऊन सांगतो, 'रस्ता लांब आहे, काही ऐकू येत नाही.' तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच ऐकू आलेले नसते. आणि संध्याकाळी सहाला त्याच ओसरीत ट्रकचे गिअर मोजता येतात. ट्रक वाढलेले असतीलच असे नाही. बदललेली असते ती हवा.

उष्ण हवेत आवाज थोडा जलद जातो, थंड हवेत थोडा सावकाश, आणि त्यामुळे आवाजाची लाट थंड थराकडे वळते. भर दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असते. त्यामुळे महामार्गावरचा आवाज वर वळतो आणि काही अंतरावर जणू आवाजाची सावली पडते. हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली जमीन सूर्यास्ताच्या आसपास भराभर निवते. आता खालची हवा थंड आणि वरची उष्ण, म्हणजे रचना उलटी. आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा जमिनीकडे वळतो आणि दूरवर पोहोचतो. वऱ्हाडात डिसेंबरात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो, म्हणून हा परिणाम इथे ठळक असतो. तो पहाटेही असतो आणि ऊन चढेपर्यंत टिकतो. 'पहाटे शांतता असते, तेव्हाच चित्रण करू' हा बेत महामार्गालगतच्या गावात म्हणूनच फसतो. माणसे शांत असतात, रस्ता जवळ आलेला असतो. याशिवाय वारा रस्त्याकडून घराकडे वाहत असेल तर आवाज वाढतो, उलट असेल तर घटतो. टोलनाक्याजवळ आणखी एक गोष्ट होते. एरवी सलग घरघर असते, तिथे ब्रेक, हॉर्न आणि पहिल्या गिअरमध्ये भरलेला ट्रक उचलण्याचा आवाज असे तुकडे पडतात, आणि तुकड्यांतला आवाज संकलनात लपवणे अधिक कठीण असते.

हे सगळे कानांनी तपासू नये. कान नको ते गाळतो. गावात दहा मिनिटे बसले की पिठाची गिरणी ऐकू येईनाशी होते, मायक्रोफोनला ती येतच राहते. पात्र जिथे बसणार तिथे रेकॉर्डर ठेवून, कानाला हेडफोन लावून, चित्रणाच्याच वेळी वीस मिनिटे ध्वनिमुद्रण करावे आणि शेजारी वही ठेवावी. वहीत व्यत्यय येईल तशी वेळ आणि कारण लिहायचे : ३.५२ ट्रॅक्टर, ३.५८ भोंगा, ४.०३ मोटरसायकल. पुढे त्या वहीत व्यत्ययांची संख्या न मोजता दोन व्यत्ययांमधली अंतरे मोजावीत. आपला सर्वांत लांब सलग टेक ४० सेकंदांचा असेल, तर ४० सेकंदांहून मोठ्या शांततेचे किती तुकडे वीस मिनिटांत मिळाले, एवढाच प्रश्न आहे. आठ-दहा मिळाले तर ठिकाण चालेल. दोनच मिळाले तर दृश्य लहान तुकड्यांत लिहावे लागेल किंवा घर बदलावे लागेल.

वहीत आलेली कारणे तीन गटांत पडतात. काही बंद करता येतात : घरातला फ्रिज, पंखा, शेजारचा टीव्ही. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवावी, असा ध्वनिमुद्रकांचा जुना रिवाज आहे. म्हणजे फ्रिज पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि यजमानाचे दूध नासत नाही. काही कारणांची वेळ ठरलेली असते : शाळा सुटणे, कारखान्याची पाळी बदलणे, सूर्यास्तालगतची मगरिबची अजान, देवळातली सांजआरती, गुरांचे परतणे. त्यांना थांबवायला सांगू नये. त्यांची वेळ विचारून घ्यावी आणि तेवढी मिनिटे सोडून द्यावीत. कडुनिंबावर साळुंक्या बसत असतील तर सूर्यास्तापूर्वीचा त्यांचा कालवाही याच यादीत येतो. तिसऱ्या गटातली कारणे, म्हणजे महामार्ग आणि कारखान्याची घरघर, आपल्या हातात नसतात. घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसारखी असेल तर ती बरीचशी गाळता येते. पण चढउतार होणारा ट्रकचा आवाज संवादाच्याच पट्टीत शिरतो, तो काढताना माणसाचा आवाजही झिजतो.

दिवाळीतल्या रेकीचा आणखी एक धोका इथे आहे. दिवाळीत शाळा बंद, अनेक कामे थंड, आणि फटाके वाजत असतात. म्हणजे एरवीचे आवाज नसतात आणि नसलेले असतात. त्या आठवड्यातला गाव ऐकून डिसेंबरातल्या गावाविषयी काही ठरवता येत नाही.

आपल्या उदाहरणात ऊन आणि आवाज सुदैवाने एका बाजूला आहेत. तीन-चाळीस ते साडेचार जमीन अजून तापलेली असते, रस्ता अजून दूर असतो. पाचनंतर प्रकाश मऊ आणि सुंदर होतो, पण रस्ता जवळ येऊ लागतो. म्हणून सगळा संवाद पहिल्या ५० मिनिटांत आणि मुके भाग पाचनंतर, अशी वाटणी आपोआप होते. मुलगी उठून आत जाते, बाप अंगणाकडे पाहत राहतो, आत दिवा लागतो, यांना जागेवरचा आवाज लागत नाही. दिग्दर्शकाने पटकथा लिहिताना क्रम उलट धरला होता, आधी दिवा आणि मग संवाद असा, तर तो बदलायची वेळ रेकीतच येते.

तेराशे मेगावॅटच्या सावलीत दोनशे वॅट

वीजकेंद्र शेजारी असले म्हणून गल्लीत वीज चांगली असते असे नाही. केंद्रातली वीज उच्च दाबाने दूर निघून जाते आणि घरातली वीज गावठाणाच्या रोहित्रावरून, त्याच्या क्षमतेनुसार आणि वायरींच्या वयानुसार येते.

तपासायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पहिली, दाब. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि दहा टक्के कमीअधिक चालतो, म्हणजे २०७ ते २५३. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त मीटर मिळतो. तो लावून दाब दुपारी एकदा आणि संध्याकाळी सहानंतर एकदा पाहावा, कारण सगळ्या घरांतले दिवे आणि टीव्ही एकदम लागले की तो उतरतो. शेतीपंपांचा पुरवठा बहुतेक ठिकाणी वेगळ्या वाहिनीवर, चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असतो. चित्रणाच्या आठवड्यात पाळी कोणती हे गावातला कोणीही शेतकरी सांगतो. त्यावरून जवळच्या विहिरीवरची मोटर आपल्या वेळेत चालणार की नाही हेही कळते. म्हणजे विजेचा हा प्रश्न खरा पाहता आवाजाचाही आहे.

दुसरी गोष्ट, भार. घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर सुमारे तेराशे वॅटच्या पुढे जाऊ नये, आणि जुन्या वायरिंगवर त्याच्या निम्म्यावर थांबावे. जे दिवे आणणार तेवढे, किंवा तेवढ्या भाराची इस्त्री, त्याच प्लगवर दहा मिनिटे चालवून मग प्लगला आणि वायरीला हात लावून पाहावा. गरम लागला तर तो प्लग सोडावा. लांब एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडून टाकावी, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावे, कारण ओल्या अंगणात धातूचे स्टँड उभे राहणार आहेत.

तिसरी गोष्ट घरातलाच दिवा. आपल्या शेवटच्या दृश्यात आतला बल्ब लागतो. प्रत्यावर्ती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि स्वस्त एलईडी बल्ब किंवा जुनी ट्यूब तिच्याबरोबर सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही. कॅमेऱ्यात मात्र वर-खाली सरकणारे काळे पट्टे उमटतात. शटर १/५० सेकंदावर ठेवले की बहुधा पट्टे जातात. न गेले तर बल्ब बदलावा. चित्रणाचाच कॅमेरा, तोच बल्ब आणि तोच उजेड घेऊन एक मिनिट चित्रण करून पाहिले की हा प्रश्न रेकीतच मिटतो.

एवढे पाहिल्यावर आपल्या लघुपटाला लागणारी वीज किती थोडी आहे हे कळते. संवाद उन्हावर आणि पांढऱ्या चादरीवर होतो. संध्याकाळसाठी दोनशे वॅटचा एक एलईडी दिवा आणि घरातला बल्ब पुरतो. दिवा बॅटरीवर चालणारा असेल तर वीज गेली तरी काम थांबत नाही. जनित्र आणण्याचा मोह टाळावा. आणायचेच झाले तर ते घराच्या पलीकडे, मध्ये पक्की भिंत येईल असे ठेवावे लागते. तिथपर्यंत वायर पुरते का आणि ती कोणाच्या दारावरून जाते, हे पाहणेही मग रेकीत येते.

दार कोण उघडते

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे (१९१३) बाह्यचित्रण वांगणीला झाले. ढाल-तलवारी घेतलेली नटमंडळी गावात शिरली, तेव्हा गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले, असा किस्सा सांगितला जातो. तलवारी लाकडाच्या होत्या. तो किस्सा शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही. गावात अनोळखी माणसे, तिपायांवरची यंत्रे आणि रडणारी मुलगी दिसली की गाव विचारणारच.

परवानगी म्हणजे एक सही असे धरले जाते. प्रत्यक्षात ती तीन-चार माणसांची असते. घर ज्याच्या नावावर आहे तो पुण्यात असतो, किल्ली काकांकडे असते, आणि अंगणातल्या अर्ध्या भागावर चुलतभावाचा हक्क असतो. दुपारी चारला जो घरी असेल त्याला हे सगळे माहीत आहे का, एवढे पाहावे. तारीख, वेळ, किती माणसे, काय हलवणार आणि काय परत जागेवर ठेवणार, हे साध्या मराठीत लिहून घरच्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र द्यावे. महामार्गावर किंवा टोलनाक्यावर एकही दृश्य घ्यायचे असेल तर त्याची परवानगी वेगळी आणि वेळखाऊ असते. दोन दिवसांच्या लघुपटाने ते दृश्य कथेतून काढणे बरे.

प्रवेशाचा दुसरा अर्थ रस्ता. सामानाचा छोटा टेम्पो गल्लीत सकाळी आरामात शिरतो. दुपारी चारनंतर त्याच गल्लीत कापसाची ट्रॉली उभी असते, गुरे परत येत असतात, शाळा सुटलेली असते. टेम्पो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच थांबतो आणि तिथपासून सामान डोक्यावरून न्यावे लागते. ते अंतर पावलांनी मोजावे. आठवडी बाजाराचा वार असेल तर चित्रणाचा दिवसच बदलावा. वेचणीला गेलेल्या बाया कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने परततात हेही विचारावे. दिवसभर वाकून घरी निघालेल्या माणसाला 'दोन मिनिटं थांबा, शूटिंग चालू आहे' असे सांगण्याचा अधिकार कोणत्याच सहीने मिळत नाही. आणि सोबत नट्या असतील तर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची बंद खोली त्या वेळी कोणाच्या घरात मिळेल, हे ठरवल्याशिवाय रेकी संपली असे धरू नये.

मांडणीला दीड तास धरला तर तीन-चाळीसला पहिला टेक घेण्यासाठी दोन-दहाला सामान अंगणात हवे. म्हणजे टेम्पो दीडच्या आत गल्लीत यायला हवा, आणि तोवर जेवणे व्हायला हवीत. ऊन, आवाज, वीज आणि वाट यांचा हिशेब शेवटी असा एका वेळापत्रकात उतरतो.

कोणता दोष चालतो

कोणतेच ठिकाण निर्दोष नसते. प्रश्न असतो कोणता दोष आपल्याला झेपेल हा. वीज कमी असणे हा सर्वांत हलका दोष, तो बॅटरीने आणि दृश्य लवकर घेऊन टाळता येतो. वाटेची अडचण गोडीने आणि आधी जाऊन सुटते. ऊन चुकीचे असेल तर कॅमेरा फिरवता येतो, वेळ बदलता येते, तारीख सरकवता येते. मात्र आवाजाला ठिकाणातच मर्यादा असते. घर कितीही देखणे असले तरी चित्रणाच्या वेळी तिथे ४० सेकंद शांतता मिळत नसेल, तर जागेवरच्या संवादासाठी ते घर सोडावे लागते. नाहीतर डबिंग करावे लागते, आणि नवख्या नटांच्या तोंडची वऱ्हाडी बोली स्टुडिओत पुन्हा तशीच येत नाही. 'लगान'ने (२००१) कच्छच्या उघड्या माळावर जागेवरच ध्वनिमुद्रण केले. हिंदी चित्रपटात तेव्हा डबिंगचीच चाल होती. बोलणे जिथे बोलले गेले तिथलेच ठेवण्यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटला, कारण लहेजा श्वासाबरोबर येतो.

आपल्या कल्पित घराचा निकाल मग असा लागतो. घर चालेल, कारण संवादापुरता आवाज साडेचारपर्यंत आवाक्यात आहे आणि ऊनही तेवढेच आहे. टाकीमुळे एक तास गेला, पण त्या तासात रस्ता जवळ येत होता, म्हणजे गमावलेला तास संवादाच्या कामाचा नव्हताच. कॅमेरा अंगणाच्या उत्तरेला, दहा टेक, मग मुकी दृश्ये, शेवटी बल्ब. तारीख १० जानेवारीच्या पुढे गेली तर सूर्य पुन्हा उत्तरेकडे सरकू लागलेला असेल आणि टाकीचा हिशेब नव्याने करावा लागेल.

हे सगळे समजायला किती रेकी लागतात? दोन. एक घर शोधण्याची, ती कधीही चालते. दुसरी चित्रणाच्या तारखेच्या आठवडाभर आधी, त्याच वाराला, दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसहा अशी सलग. तिच्यात फोटो थोडे काढावेत. बापाच्या जागी बसावे, मुठी मोजाव्यात, हेडफोन लावावा, वही भरावी, दिवे लागल्यावर मीटर पाहावा, आणि अंधार पडल्यावर सामान घेऊन त्या गल्लीतून बाहेर कसे पडता येते ते एकदा चालून पाहावे.